साडेचार तासांची बस

६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर रॉजर बॅनिस्टरने एक मैल चार मिनिटांच्या आत धावून दाखवला. ३ मिनिटं ५९.४ सेकंद ही वेळ पुष्कळांना पाठ असते. त्या शर्यतीतला एक छोटा प्रसंग मात्र फारसा कुणी सांगत नाही. पुढे धावून वेग राखण्याचं काम ख्रिस ब्रॅशरकडे होतं. सुरुवातीलाच मागून बॅनिस्टर ओरडला, ‘अजून जोरात!’ बरेच दिवस विश्रांती घेतल्यामुळे त्याचे पाय इतके हलके झाले होते की वेग त्याला कमी वाटत होता. ब्रॅशरने ऐकलं नाही. तो आपल्याच वेगाने धावत राहिला आणि पहिली फेरी ५७.५ सेकंदांत झाली. चार मिनिटांच्या मैलाला फेरीमागे सरासरी ६० सेकंद लागतात. म्हणजे बॅनिस्टरला जो वेग कमी वाटत होता तो मुळात जास्तच होता. ब्रॅशर त्या हाकेला बधला असता तर शेवटच्या फेरीसाठी बॅनिस्टरकडे काही उरलं नसतं. आपण त्या क्षणी चुकत होतो, हे बॅनिस्टरने स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे.

याच ब्रॅशरने १९८१ मध्ये जॉन डिस्लीच्या साथीने लंडन मॅरेथॉन सुरू केली. आज जगभरच्या मॅरेथॉनमध्ये हौशी धावकांसाठी पाठीवर झेंडा लावून धावणारे पेसर असतात, आणि त्यांचं निम्मं काम तेच आहे जे ब्रॅशरने त्या दिवशी केलं. ताज्या पायांचं ऐकायचं नाही.

मुंबई मॅरेथॉनमध्ये पूर्ण मॅरेथॉनच्या सुरुवातीला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर पहाटेच्या अंधारात हे झेंडे दिसतात. ४:००, ४:१५, ४:३०, ४:४५ असे आकडे त्यांवर असतात. ४:३० चा झेंडा म्हणजे, माझ्याबरोबर राहाल तर साडेचार तासांच्या आत पोहोचाल, असा शब्द. धावकांच्या बोलीत या गटाला ‘बस’ म्हणतात. दक्षिण आफ्रिकेच्या कॉम्रेड्स शर्यतीत तर पेसरला सरळ ‘ड्रायव्हर’च म्हणतात, तिथे बारा तासांची मुदत संपली की दार बंद होतं, त्यामुळे शेवटच्या बसमध्ये शेकडो लोक असतात. आपण इथे मुंबईची साडेचार तासांची बस पाहू. हौशी धावकांची गर्दी तिच्याभोवती भरपूर असते आणि चुकायला जागाही भरपूर असते.

आधी हिशेब. मॅरेथॉनचं अंतर ४२.१९५ किलोमीटर. साडेचार तास म्हणजे २७० मिनिटं. भागाकार केला की किलोमीटरला जवळजवळ ६ मिनिटं २४ सेकंद येतात. पण नेमक्या ६:२४ ने धावलं तर वेळ साडेचार तासांच्या तीन सेकंद पुढे जाते, आणि ज्याला ४:२९ ची वेळ हवी आहे त्याच्यासाठी ते तीन सेकंद फार जिव्हारी लागणारे असतात. म्हणून पेसर थोडी सवड ठेवून ६:२३ धरतो. या वेगाने शेवट ४ तास २९ मिनिटं २१ सेकंदांवर येतो. मनगटावर बांधलेल्या पट्टीवर तो टप्पे लिहून ठेवतो: ५ किलोमीटरला ३१:५५, १० ला १:०३:५०, अर्ध्या अंतराला २:१४:४०, ३० ला ३:११:३०, ४० ला ४:१५:२०. दोन किलोमीटरच्या वर थोडं अंतर उरतं, त्याला चौदा मिनिटं.

इथवर कुणालाही जमेल. गोम घड्याळात आहे. शर्यतीचा मार्ग मोजतात तो सायकलला खास मोजयंत्र लावून, आणि सायकल वळणावळणाला शक्य तितक्या जवळच्या रेषेने नेऊन. वर मार्ग चुकूनही आखूड पडू नये म्हणून हजारात एक, म्हणजे मॅरेथॉनला साधारण ४२ मीटर, जादाच धरतात. हजारो माणसांच्या गर्दीत त्या आदर्श रेषेने कुणालाच धावता येत नाही. समोरच्याला वळसा, पाण्याच्या टेबलापर्यंत तिरकी धाव, वळणावर बाहेरच्या बाजूने फेर, असं करत धावकाच्या पायाखालून शेवटी ४२.५ किंवा ४२.६ किलोमीटर जातात. जीपीएस घड्याळ ते सगळं मोजतं, आणि उंच इमारतींमध्ये, उड्डाणपुलाखाली आपल्या पदरचंही थोडं घालतं. घड्याळात ४२.६ भरणार असतील तर ६:२३ ची सरासरी दाखवत राहिलेला माणूस शेवटची रेषा ओलांडतो ती ४:३१:५६ ला. घड्याळ सांगतं सगळं बरोबर चाललंय, आणि दोन मिनिटं गेलेली असतात.

म्हणून जाणता पेसर घड्याळातली आपोआप पडणारी लॅप बंद ठेवतो आणि रस्त्यावर किलोमीटरची पाटी आली की स्वतः बटण दाबतो. घड्याळाची सरासरी त्याला ६:१९ किंवा ६:२० दिसत असली तरी तो गडबडत नाही. पट्टीवरची वेळ आणि पाटीवरची वेळ जुळते की नाही एवढंच बघतो. पाट्यांवरही डोळे झाकून विश्वास ठेवायचा नसतो. पाटी जवळच्या खांबाला बांधलेली असते, आणि खांब हवा तिथेच असतो असं नाही. एक किलोमीटर ६:०८ चा आणि पुढचा ६:३९ चा निघाला, तर पेसरच्या पायांत काही झालेलं नसतं, पाटी सरकलेली असते. एका किलोमीटरवरून वेग बदलू नये, दोन-तीनची सरासरी बघावी. नवखा पेसर ओळखायचा असेल तर तो इथेच ओळखू येतो. ६:३९ बघून तो झेंड्यासकट पळायला लागतो.

दुसरा घोळ सुरुवातीच्या रेषेवर होतो. धावकाच्या बिबवरची चिप त्याने स्वतः रेषा ओलांडली त्या क्षणापासून वेळ मोजते. बंदुकीचा बार आधीच झालेला असतो. पेसर रेषेवर पोहोचायला बार झाल्यावर तीन मिनिटं लागली आणि तुम्ही त्याच्या दोन मिनिटं आधी रेषा ओलांडून गेलात, तर वाटेत त्याच्याबरोबर होऊन ४:२९:२१ ला त्याच्यासोबत पोहोचल्यावर तुमची स्वतःची वेळ ४:३१:२१ असते. मागून रेषा ओलांडलेल्याचा उलट फायदा होतो. त्यामुळे निघायच्या आधी थांबायच्या जागेत चांगला पेसर दोन मिनिटं बोलतो, आणि ते बोलणं प्रेरणादायी वगैरे नसतं. ‘मंडळी, आपण सहा-तेवीसने जाणार आहोत. रेषा माझ्याबरोबरच ओलांडा. पहिला किलोमीटर गर्दीमुळे हळू जाईल, घाबरायचं नाही. पाण्याला मी थांबणार नाही, फक्त हळू होईन. घड्याळ मी बघतो, तुम्ही रस्ता बघा.’

पहिला किलोमीटर खरंच हळू जातो. समजा सात मिनिटं लागली. ३७ सेकंद मागे पडलो. गटातली तरुण पोरं लगेच कुजबुजायला लागतात. हे ३७ सेकंद पुढच्या दहा किलोमीटरमध्ये चार-चार सेकंदांनी परत मिळतात, आणि कुणाच्या पायाला ते कळतही नाही. तेच सेकंद दुसऱ्याच किलोमीटरमध्ये वसूल करायचे तर गटाला ५:४६ ने पळवावं लागेल. साडेचार तासांचा धावक त्या वेगाने दहा किलोमीटरची शर्यत धावत असेल, मॅरेथॉन नव्हे.

पहाटेची हवा थंड असते, मरीन ड्राइव्ह मोकळा असतो, दोन-तीन आठवडे धावणं कमी करून पायांत जोर साठलेला असतो. सगळ्यांना वाटतं, आत्ता चार पैसे बाजूला टाकू, पुढे लागले तर वापरू. पेसरला सगळ्यात जास्त भांडावं लागतं ते याच्याशी. हिशेब करून बघा. पहिले दहा किलोमीटर ६:२३ ऐवजी ६:०५ ने धावले तर तीन मिनिटं हाती लागतात. पण वेग वाढला की शरीर चरबीपेक्षा साखरेवर जास्त चालतं, आणि स्नायूंत आणि यकृतात साठवलेली ही साखर, म्हणजे ग्लायकोजेन, मुळातच मोजकी असते. सर्वसाधारण धावकाला ती तिसाव्या किलोमीटरच्या आसपास कमी पडायला लागते. धावक ज्याला ‘वॉल’ म्हणतात ती हीच. ती चार किलोमीटर आधी आली आणि शेवटचे आठ किलोमीटर ७:३० ने ओढावे लागले, तर नऊ मिनिटं जातात. तीन मिळवून नऊ घालवायची, असा हा व्यवहार आहे. म्हणून पुढे जाणाऱ्याला पेसर हाक मारतो, ‘दादा, झेंड्याच्या मागे!’ दादा हसतो आणि निघून जातो. तो बहुतेक वेळा माहीमच्या आसपास परत भेटतो.

मग दोन्ही अर्धी अगदी सारखीच धावायची का? पुस्तकी उत्तर हो असं आहे, आणि थंड हवेच्या शहरात दुसरं अर्ध किंचित जलद धावलं तर उत्तमच. मुंबईत मला ते पटत नाही. जानेवारीच्या मध्यावर मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. पाचला निघालेली साडेचार तासांची बस तेव्हा बरोबर अर्ध्यावर असते. म्हणजे पहिलं अर्ध अंधारात आणि दुसरं पूर्ण उन्हात. घाम वाढतो, त्वचा थंड ठेवायला रक्त तिकडे वळतं, आणि त्याच वेगासाठी हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. वेग तोच राहतो, कष्ट वाढत जातात. माझ्या मते मुंबईच्या पेसरने पहिल्या अर्धात एखादं मिनिट पुढे असावं, म्हणजे २:१४:४० ऐवजी २:१३:४० च्या आसपास. किलोमीटरमागे तीनच सेकंद होतात हे. चार-पाच मिनिटं पुढे काढून ‘ऊन आहे ना’ म्हणणारे पेसरही असतात. त्यांच्या मागे शेवटी कोण उरतं ते निकालात बघावं.

सगळ्यात नाजूक जागा पाण्याच्या टेबलांची. पन्नास-साठ माणसांचा गट एकाच टेबलावर तुटून पडला की कुणीतरी आडवं होतं, कुणाचा पाय कपावर पडून घसरतो, आणि मधली चार माणसं पाणी न घेताच पुढे ढकलली जातात. अनुभवी पेसर दोनशे मीटर आधीच ओरडतो, ‘पाणी उजवीकडे! पहिलं टेबल सोडा, शेवटच्यावर घ्या!’ पहिल्या टेबलावर नेहमी गर्दी असते, शेवटच्यावर स्वयंसेवक हात पुढे करून रिकामे उभे असतात. टेबल ओलांडल्यावर तो पंधरा-वीस पावलं अंमळ हळू टाकतो, म्हणजे मागे राहिलेले पळत सुटत नाहीत. प्रत्येक टेबलाला असे काही सेकंद जातात. ते तो पुढच्या शंभर मीटरमध्ये भरून काढत नाही, पुढच्या टेबलापर्यंत काढतो. ज्यांना चालत पाणी प्यायची सवय आहे त्यांना हे आधी सांगितलेलं बरं. काही बस ठरवून चालत-धावत जातात, आणि आपण चुकीच्या बसमध्ये चढलो हे अठराव्या किलोमीटरला कळण्यात अर्थ नसतो.

मुंबईच्या मार्गात अधूनमधून फेरफार होत असतात. इथे मी धावकांच्या तोंडी रुळलेला, परतीच्या वाटेवर पेडर रोड येणारा मार्ग धरला आहे. हाजीअली मागे टाकलं की चढ सुरू होतो, जसलोकच्या अंगाने वर जातो आणि केम्प्स कॉर्नरवरून चौपाटीकडे उतरतो. सकाळी जाताना हाच रस्ता कुणाच्या लक्षातही राहत नाही. परतीला पस्तीस किलोमीटर पायांत असतात आणि ऊन डोक्यावर. इथे पेसरचं काम उलटं होतं. आतापर्यंत त्याने वेग धरून ठेवला. इथे वेग सोडून कष्ट धरायचे असतात.

समजा चढाचा एक किलोमीटर आहे. ६:२३ चा हट्ट धरला तर गटातले निम्मे लोक माथ्यावर धापा टाकत उभे राहतात. ६:५५ ने चढलं तर ३२ सेकंद जातात, पण सगळे वर येतात. उतारावर बारा सेकंद आपोआप परत मिळतात. तिथेही मुसंडी मारू द्यायची नाही, कारण थकलेल्या मांडीला उतार चढापेक्षा वाईट. ब्रेक लावत उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जातात आणि गोळे येतात. उरलेले वीस सेकंद चौपाटीनंतरच्या सपाटीवर चार किलोमीटरमध्ये पाच-पाच करून. हा हिशेब पेसर चढाच्या पायथ्याशीच मोठ्याने सांगतो: ‘इथे आपण अर्धं मिनिट हरणार आहोत, ठरवून हरणार आहोत, चौपाटीनंतर परत घेऊ.’ झेंडा हळू झाला म्हणून बस चुकली असं समजून जीव खाऊन पुढे जाणारे किंवा हातपाय गाळणारे, दोघेही या एका वाक्याने थांबतात.

साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये तर सगळी अर्धमॅरेथॉनच अशी असते. गाव सोडलं की यवतेश्वरचा घाट, वर जाऊन वळायचं आणि त्याच घाटाने खाली. तिथे अडीच तासांच्या पेसरला समसमान टप्पे धरून चालणारच नाही. वर जायला ८१ मिनिटं आणि उतरायला ६९, असा काहीसा आराखडा असतो. वळणावर सहा मिनिटं मागे दिसणारा तो पेसर मागे नसतोच, पण नवख्याला हे आधी सांगितलं नसेल तर तो वळणाच्या आधीच बसमधून उतरतो.

आता प्रोत्साहनाबद्दल. टीव्हीवर दिसतं त्यावरून लोकांना वाटतं की पेसर म्हणजे सतत ओरडणारा माणूस. पहिल्या पंचवीस किलोमीटरमध्ये जास्त बोलणारा पेसर माझ्या मते धोक्याचा. आरोळी ऐकली की पाय आपोआप उचलतात; ‘गणपती बाप्पा’ म्हटल्यावर ‘मोरया’ म्हणणारे साठ लोक पुढच्या दोनशे मीटरमध्ये दहा सेकंद पुढे गेलेले असतात. सुरुवातीला गप्पा चालतात, आणि त्यातून पेसरला हवं ते कळतंही. पूर्ण वाक्य न थांबता बोलता येत असेल तर माणूस आपल्या वेगात आहे. दोन शब्दांवर श्वास घेत असेल तर ही त्याची बस नाही. त्याने मागच्या ४:४५ च्या बसमध्ये जावं हे दहाव्या किलोमीटरला सांगितलेलं चांगलं. राग येतो, पण तिसाव्याला सांगून उपयोग नसतो.

तिसाव्यानंतर आवाजाचं काम खरं सुरू होतं, आणि तिथे नुसतं ‘चला, चला’ फार वेळ टिकत नाही. थकलेल्या माणसाला उपयोग होतो तो छोट्या, करता येण्यासारख्या गोष्टीचा. ‘खांदे सोडा.’ ‘मुठी उघडा.’ ‘चढावर पाऊल आखूड.’ ‘पुढच्या टेबलापर्यंत आठशे मीटर.’ उरलेलं अंतर एकदम सांगण्यापेक्षा पुढची खूण सांगणं बरं: आता हाजीअली, मग जसलोक, मग चौपाटी. नावानिशी हाक मारली तर आणखी बरं. बिबवर नाव असतंच. पेसर अधूनमधून मागे वळून उलटा धावतो, त्यामागे उत्साह दाखवण्याचा भाग थोडा आणि चेहरे बघण्याचा भाग जास्त असतो.

त्या चेहऱ्यांत एक चेहरा त्याला विशेष ओळखता यावा लागतो. पाय अडखळणं, रेषेत धावता न येणं, प्रश्नाला भलतंच उत्तर देणं, चिडचिड, ही लक्षणं नुसत्या थकव्याची नव्हेत. अंगातली उष्णता हाताबाहेर गेल्याची असू शकतात. ‘काका, तुमचं नाव काय, किती किलोमीटर झाले?’ असं विचारलं आणि उत्तर गोंधळलेलं आलं, तर प्रोत्साहन तिथेच बंद. अशा माणसाला ‘थोडंच राहिलंय’ म्हणणं हे पेसरकडून होऊ शकणारं सगळ्यात वाईट काम. त्याला थांबवून सावलीत न्यायचं, वैद्यकीय मदत बोलवायची, अंगावर पाणी ओतून गार करायला लागायचं. म्हणूनच शक्य असेल तिथे एका बसला दोन पेसर देतात: एक थांबतो, दुसरा झेंडा घेऊन पुढे जातो. केवळ दमून मागे पडलेल्यासाठी मात्र झेंडा थांबत नाही. हे निष्ठुर वाटतं, पण एकासाठी थांबलं की बाकीच्या तिसांना दिलेला शब्द मोडतो. ‘मागून ४:४५ येतेय, तिच्यात चढा’ एवढं सांगून तो जातो.

चाळीसाव्या पाटीला पट्टी ४:१५:२० म्हणते. इथून ज्यांच्या पायात काही उरलं आहे त्यांना पेसर पुढे पाठवतो: ‘आता जा, माझ्याबरोबर राहू नका.’ स्वतः मात्र जात नाही. तो चार तासांच्या आत मॅरेथॉन धावू शकणारा असतो, असावाच लागतो. आपल्या ताकदीपेक्षा अर्धा तास हळू धावताना बोलणं, मोजणं आणि मागे बघणं जमतं. म्हणूनच शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये सुसाट सुटण्याचा मोह त्याला होतो. साडेचारचा पेसर ४:२२ ला पोहोचला तर टाळ्या मिळतात, पण ते काम फसलेलंच. ज्यांनी घड्याळ सोडून त्याच्या झेंड्यावर भरवसा ठेवला ते कुठेतरी वरळीच्या आसपास गळाले असणार. उशिरा पोहोचलेल्या पेसरपेक्षा मी लवकर पोहोचलेल्याला जास्त दोष देईन. उशीर निदान शेवटी कळतो, घाईने माणसं मधेच मोडतात.

पेसरचाही दिवस वाईट जाऊ शकतो. पोट बिघडतं, पिंडरीला गोळा येतो. अशा वेळी झेंडा सोबतच्या पेसरकडे द्यायचा, तो नसेल तर उतरवून गुंडाळायचा. ४:३० चा झेंडा पाठीवर ठेवून ४:४० च्या वेगाने चालत राहिलेला पेसर मागच्या कितीतरी लोकांना चुकीची वेळ सांगत असतो. दूरवरून झेंडा बघून ‘अजून गाठता येईल’ म्हणणारे असतात.

बसमध्ये चढायचं असेल तर निघण्याआधी पेसरला तीन गोष्टी विचाराव्यात. तुम्ही सरासरी कितीने जाणार, पाण्याला चालणार की धावणार, आणि चढावर काय करणार. पहिल्याला ‘६:२४ च्या आसपास, बघू’ असं उत्तर आलं तर दुसरा झेंडा शोधावा. जमलं तर त्याने मागच्या वर्षी कुठे पेसिंग केलं तेही विचारावं. शर्यतीच्या निकालात बिब क्रमांकावरून प्रत्येकाच्या टप्प्यांच्या वेळा दिसतात. दहा, एकवीस आणि तीस किलोमीटरचे आकडे बघितले की पाच मिनिटांत कळतं, हा माणूस झेंडा घेऊन धावला होता की झेंड्यासह पळाला होता. आणि आपला नेहमीचा लांब धावण्याचा वेग त्याच्या वेगापेक्षा फारच कमी असेल, तर त्याच्या बसमध्ये चढूच नये. पेसर वेग देऊ शकतो, सराव देऊ शकत नाही.